अज्ञान मुलाचं बचत खातं: कागदपत्रं, पालनकर्ता आणि अठराव्या वाढदिवसाची सकाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बँकेच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली. मुलांच्या खात्यांसाठी गर्दी होते ती दोनदा. एकदा जूनमध्ये, शाळा शिष्यवृत्तीसाठी खातं मागते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा बारावीनंतरच्या प्रवेशांच्या दिवसांत, जेव्हा तेच खातं अचानक चालेनासं होतं. पहिल्या वेळी सगळे विचारतात, "कागदपत्रं काय लागतील?" दुसऱ्या वेळी विचारतात, "आमचेच पैसे आम्हाला का मिळत नाहीत?" खाली दोन्ही वेळचे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे, कारण त्रास तिथेच होतो.

फॉर्मवर "अज्ञान" लिहिलंय. म्हणजे काय?

कायद्याच्या मराठीत अठरा पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अज्ञान म्हणतात आणि अठरा पूर्ण झालेल्याला सज्ञान. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. सातबारावर नावापुढे "अ.पा.क." असं लिहिलेलं पाहिलं असेल, ते "अज्ञान पालनकर्ता"चं लघुरूप. बँकेच्या पासबुकात त्याच जागी "मायनर, अंडर गार्डियन" असं छापलेलं असतं. सातबारावरची अ.पा.क. नोंद मूल आजोबा झालं तरी कधीकधी तशीच राहते आणि कुणाचं फारसं अडत नाही. बँकेत मात्र अठराव्या वाढदिवशीच अडतं.

खातं कितव्या वर्षापासून उघडता येतं?

पहिल्या दिवसापासून. वयाची खालची मर्यादा नाही. फरक आहे तो खातं कोण चालवणार यात.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी याबाबतचे नियम एकत्र करून नव्याने दिले आणि १ जुलै २०२५ पर्यंत आपापली धोरणं त्यानुसार करायला बँकांना सांगितलं. त्यानुसार कोणत्याही वयाच्या मुलाचं बचत किंवा मुदत ठेव खातं नैसर्गिक वा कायदेशीर पालनकर्त्यामार्फत उघडता येतं. मूल दहा वर्षांचं झालं असेल तर बँकेची तयारी असल्यास ते स्वतःच्या सहीने खातं उघडून स्वतः चालवू शकतं. अशा खात्यात किती रक्कम असावी आणि अटी काय असाव्यात, हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. त्यामुळे शेजारच्या मुलाला एका बँकेत जे मिळालं ते तुम्हाला दुसऱ्या बँकेत मिळेलच असं नाही आणि त्यावरून काउंटरवर भांडून उपयोग नाही.

स्टेट बँकेत हे दोन प्रकार दोन नावांनी आहेत. "पहला कदम" हे पालकासोबतचं खातं, कोणत्याही वयासाठी. "पहली उडान" हे दहा वर्षांवरच्या आणि एकसारखी सही करता येणाऱ्या मुलासाठी, फक्त त्याच्या नावावर. पोस्टाच्या बचत खात्यातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खातं उघडता येतं.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या सहीचं खातं उघडू की माझ्या?

माझं मत सांगतो. खात्यात शिष्यवृत्ती आणि वाढदिवसाची पाकिटं एवढंच येणार असेल तर तिच्या सहीचं उघडा. एक तर ती स्लिप भरायला शिकेल. दुसरा फायदा सात वर्षांनी कळतो: अठरा पूर्ण झाल्यावर अशा खात्यात पालनकर्त्याने शिलकीची खात्री करून देण्याचा टप्पाच नसतो. नवी सही आणि नव्या सूचना एवढ्यावर भागतं.

पण आजीने तिच्या नावावर दोन-तीन लाख ठेवायचे ठरवले असतील तर पालनकर्त्याचं खातं बरं. एकसारखी सही ही अट दिसते तितकी सोपी नाही. अकरा वर्षांचं मूल सहावीत एक सही करतं आणि आठवीत दुसरी. कुणा क्रिकेटपटूची स्वाक्षरी पाहून आपली बदलून आलेला एक मुलगा मला आठवतो. विथड्रॉवलची स्लिप तीनदा परत केली, चौथ्यांदा त्याला त्याचीच जुनी सही दाखवली. "ही मी लहान असताना केलेली," म्हणाला. वय तेरा.

आई पालनकर्ती होऊ शकते का? शाखेत वडिलांची सही मागतात.

होऊ शकते. वडील हयात असले, घरात असले, तरीही. मुलांच्या ठेव खात्यांसाठी आईला पालक म्हणून स्वीकारायला रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना सांगून ठेवलं आहे आणि २०२५ च्या नियमांतही ते कायम आहे.

गोंधळ होतो तो हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधल्या शब्दांमुळे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून "वडील आणि त्यांच्यानंतर आई" असं म्हटलं आहे. हा "नंतर" म्हणजे वडील वारल्यानंतरच, असा अर्थ बरीच वर्षं लावला गेला. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घ्यायला स्वतःच्या सहीने अर्ज केला तेव्हा वडिलांची सही मागितली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इथे "नंतर" म्हणजे "गैरहजेरीत" आणि वडील मुलाच्या कारभारात लक्ष घालत नसतील तर तीही गैरहजेरीच.

साध्या बचत खात्यासाठी इतकं खोलात जायची गरज नाही. घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या आईलाही खातं उघडताना वडिलांचं ना-हरकत पत्र आणावं लागू नये. मागितलं तर शाखाधिकाऱ्यांना शांतपणे सांगा, "आईला पालक म्हणून घ्यायची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, नकार द्यायचा असेल तर लेखी द्या." लेखी म्हटलं की बहुतेक वेळा फॉर्म पुढे सरकतो.

नातू आमच्याकडेच वाढतोय. आजोबा पालनकर्ते होतील का?

नुसतं सांभाळता म्हणून नाही. आजी-आजोबा, मामा, काका, मावशी यांनी मुलाला कितीही मायेने वाढवलं असलं तरी ते नैसर्गिक पालक ठरत नाहीत. केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो म्हणून कोणी अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करू शकत नाही, असं तो १९५६ चा कायदाच सांगतो. आई-वडील दोघेही नसतील तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते आणि त्या आदेशाची प्रत बँकेला द्यावी लागते.

आई-वडील हयात आहेत, फक्त कामाला परगावी आहेत, अशा वेळी न्यायालयाची वाट धरू नका. गणपतीला किंवा दिवाळीला ते गावी येतील तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्या सहीने खातं उघडा. पैसे भरायला आजोबांना कुणी अडवत नाही. भरणं कुणालाही चालतं, काढणं पालनकर्त्यालाच.

कागदपत्रं नेमकी कोणती?

दोन माणसांची कागदपत्रं लागतात आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांच्यातलं नातं.

मुलाचा जन्मदाखला हे मुख्य. त्यावर जन्मतारीखही असते आणि आई-वडिलांची नावंही, म्हणजे नात्याचा पुरावा त्यातच येतो. मुलाचं आधार असेल तर तेही घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात, तरी नंबर चालतो. पालनकर्त्याचं स्वतःचं केवायसी पूर्ण लागतं: आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी काहीतरी, शिवाय पॅन. पॅन नसेल तर ते नसल्याचं घोषणापत्र, ज्याला काउंटरवर सगळे फॉर्म ६० म्हणतात. दोघांचे फोटो. न्यायालयाने नेमलेला पालक असेल तर आदेशाची प्रत.

पालनकर्त्याचं त्याच बँकेत खातं असेल आणि केवायसी चालू असेल तर काम अर्ध्यावर येतं. मूळ कागद सोबत न्या. झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेला जन्मदाखला वाचता येत नाही आणि त्यावरची तारीख खात्यात चुकली तर त्याचा हिशोब अठराव्या वर्षी चुकता करावा लागतो.

जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही. आणि आईचं नाव माहेरचं आहे. चालेल का?

आपल्याकडची ही सर्वांत नेहमीची अडचण. जन्माची नोंद दवाखान्यातून लगेच होते, बारसं होतं बाराव्या दिवशी किंवा त्यानंतर. त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. असा दाखला बँक घेत नाही, कारण तो याच मुलाचा हे कशावरून ठरवणार? नोंद जिथे झाली त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नाव घालून मिळतं. नोंदणीपासून वर्षभरात ते विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून. पंधरा वर्षांपर्यंत ही सोय नियमात आहे, म्हणून दहावीपर्यंत थांबू नका.

आईच्या नावाचं असं: पहिलं बाळंतपण माहेरी, दवाखान्यात नाव सांगितलं मामाने, त्यामुळे दाखल्यावर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं. अशा वेळी सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. नावातल्या बदलासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांना चालते. लग्नाची पत्रिका आणि फोटोंचा अल्बम चालत नाही. अल्बम घेऊन येणारे भेटले आहेत, म्हणून सांगतो.

एटीएम कार्ड, चेकबुक, मोबाइल बँकिंग मिळतं का?

द्यायचं की नाही हे बँकेच्या मर्जीवर. बऱ्याच बँका देतात, पण कमी मर्यादेचं. स्टेट बँकेच्या या खात्यांच्या कार्डावर दिवसाची मर्यादा ५,००० रुपये आहे. एक गोष्ट कुठेच मिळणार नाही, ती म्हणजे ओव्हरड्राफ्ट. अज्ञानाशी केलेला कर्जाचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून खातं कायम जमेतच राहिलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं आहे.

पैसे मुलाच्या खात्यात, पण भरले मी. घराच्या हप्त्याला वापरले तर?

पालनकर्त्याच्या सहीने पैसे निघतील, बँक प्रत्येक वेळी कारण विचारत बसणार नाही. पण खात्यातली रक्कम मुलाची आहे, तुम्ही ती त्याच्या वतीने सांभाळता. खातं उघडताना सही केलेल्या फॉर्ममध्ये बहुधा "काढलेली रक्कम अज्ञानाच्या हितासाठी वापरेन" असं एक वाक्य असतं. ते कुणी वाचत नाही. नवरा-बायकोत वाद झाला की दोघांचे वकील तेच वाक्य काढतात.

आणखी एक: नोंदीत पालनकर्ता आई असेल तर वडिलांना बँक खात्याची माहितीही देणार नाही, आणि उलटही तसंच. "मी बाप आहे" हे खरं असलं तरी काउंटरला नोंद दिसते, न्यायालयाचा आदेश येईपर्यंत.

व्याजावर कर कुणाचा?

साधारणपणे मुलाचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. मुलाने स्वतःच्या कौशल्याने किंवा मेहनतीने मिळवलेलं उत्पन्न त्यात येत नाही. बचत खात्यातल्या थोड्या व्याजाने कुणाचा कर फारसा हलत नाही. मोठी मुदत ठेव असेल तर विवरणपत्र भरताना विसरू नका. सज्ञान झाल्यानंतर मिळणारं उत्पन्न मुलाचं स्वतःचं धरलं जातं.

पालनकर्ते वडील वारले. खातं बंद पडेल का?

नाही. खातेदार मूल आहे, वडील नव्हेत. म्हणून इथे वारसाचा दाखला वगैरे मागण्याचं कारण नाही. मृत्यूचा दाखला, आईचं केवायसी आणि पालनकर्ता बदलण्याचा अर्ज द्या, आईच्या सहीने खातं पुढे चालू राहतं. दोघेही नसतील तर वर सांगितल्याप्रमाणे न्यायालयाचा आदेश. तोपर्यंत पैसे सुरक्षित असतात, फक्त काढता येत नाहीत. अशा घरांना माझं सांगणं असतं की आदेशाचा अर्ज लवकर करा, कारण शाळेची फी तोवर थांबत नाही.

अठरा पूर्ण झाले की खात्याचं नेमकं काय होतं?

खातं उघडताना भरलेली जन्मतारीख बँकेच्या संगणकात असते. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यानुसार अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो. त्या क्षणी पालनकर्त्याचा अधिकार संपतो आणि खातेदाराची सही मात्र बँकेकडे अजून नसते. म्हणून बहुतेक बँकांची यंत्रणा खात्यातून पैसे जाणं थांबवते. ही शिक्षा नाही, मधली मोकळी जागा आहे. ज्याला अधिकार होता त्याचा गेला, ज्याला आला त्याची ओळख अजून नोंदलेली नाही.

समजा मुलीचा जन्म १४ जुलै २००८ चा. आईच्या पालकत्वाखाली २०१२ पासून खातं, शिल्लक ८६,४०० रुपये. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आईने शुक्रवारी, १० जुलै २०२६ ला कॉलेजच्या नावाने ४५,००० रुपयांचा चेक लिहून दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. कॉलेजच्या लिपिकाने सोमवारी चेक फाइलला लावला आणि मंगळवारी, १४ तारखेला, बँकेत भरला. चेक परत. खात्यात पैसे आहेत, सही आईचीच आहे, तारीखही जुनी आहे. पण ज्या दिवशी चेक पोहोचला त्या दिवशी आईच्या सहीमागे अधिकार उरला नव्हता.

संध्याकाळी आई चिडून फोन करते, "वाढदिवसाच्या दिवशीच?" हो, वाढदिवसाच्याच दिवशी. दुसरा कुठला दिवस असणार?

तिला काय करता आलं असतं? सोपी वाट म्हणजे १० तारखेलाच चेकऐवजी एनईएफटीने फी भरणं, म्हणजे पैसे त्याच दिवशी कॉलेजकडे गेले असते. चेक परत आल्यावरची वाट अशी: बुधवारी मायलेकी दोघी शाखेत गेल्या. मुलीने सज्ञान झाल्याचा फॉर्म भरला, नव्या फोटोसह आपलं केवायसी दिलं, सहीचे नमुने दिले. आईने त्या दिवसाच्या शिलकीवर, ८६,४०० रुपयांवर, "बरोबर" म्हणून सही केली. जुनं चेकबुक आणि कार्ड परत केलं. मुलीची सही स्कॅन होऊन खातं मोकळं झालं ते गुरुवारी. फीची मुदत शुक्रवारपर्यंत होती, म्हणून निभावलं.

मुलाने सोबत काय न्यायचं?

स्वतःचं आधार किंवा दुसरा ओळखीचा पुरावा, पॅन, नवा फोटो आणि स्वतःचा मोबाइल नंबर. पासबुकातला शाळेच्या गणवेशातला फोटो चालणार नाही, मूल सज्ञान झाल्यावर नवा फोटो घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. पालकाने सोबत यायचं ते शिलकीची खात्री करून द्यायला.

दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात. पहिलं आधार. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करायची असते. पंधरा ते सतरा या वयात ती मोफत होते. दहावीच्या गडबडीत ती राहून जाते. मग काउंटरवरच्या यंत्रावर अंगठा ठेवला की जुळत नाही, कारण यंत्रणेला पाच वर्षांच्या मुलाचा अंगठा माहीत आहे. शिवाय आधारला जोडलेला नंबर वडिलांचा असतो आणि ओटीपी येतो तेव्हा वडील मीटिंगमध्ये असतात.

दुसरं पॅन. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. नंबर आयुष्यभर तोच राहतो, पण कार्ड ओळख म्हणून चालत नाही. अठरा झाल्यावर पॅनमधल्या दुरुस्तीचा अर्ज करून फोटो-सहीचं कार्ड मागवायचं. त्याची वाट पाहत बँकेचं काम थांबवू नका, बँकेला तूर्त नंबर पुरतो.

वाढदिवसाआधीच सगळं करून ठेवता येईल का?

सही आणि अधिकार आधी देता येत नाही. पण आधारचं काम, नावांमधला फरक, फॉर्म आणून भरून ठेवणं हे सगळं महिनाभर आधी होतं. नावांचं विशेषतः पाहा: शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, असं त्रांगडं दहातल्या तीन-चार मुलांचं निघतं असा माझा अंदाज. बँकेनेही मूल सज्ञान व्हायच्या आधी तसं कळवायचं असतं. ते कळवतात. एसएमएस जातो त्या नंबरवर, जो आईने चार वर्षांपूर्वी बदललेला असतो.

खातं नंबर बदलतो का? खात्याचा प्रकार?

नंबर साधारणपणे तोच राहतो. प्रकार बदलतो: मुलांच्या योजनेतून ते नेहमीच्या बचत खात्यात जातं, आणि तिथे किमान शिलकीची अट किंवा कार्डाचं वार्षिक शुल्क असू शकतं. विचारून घ्या. विद्यार्थ्याला ते झेपणारं नसेल तर मूलभूत बचत खातं मागता येतं, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. वारसनोंद पालकाने केलेली असते, तीही आता खातेदाराने स्वतः पुन्हा करावी.

पोस्टातही काम तसंच: सज्ञान झाल्यावर नवा फॉर्म आणि स्वतःचं केवायसी देऊन खातं आपल्या नावावर करून घ्यायचं.

एसआयपी, मुदत ठेवी, सुकन्या समृद्धी या सगळ्याचं?

प्रत्येकाचं वेगळं करावं लागतं. बँकेतल्या मुदत ठेवी त्याच भेटीत नोंदवून घ्या. मुलाच्या नावावरची म्युच्युअल फंडाची एसआयपी अठराव्या वर्षी थांबते आणि फोलिओचं सज्ञान रूपांतर तिकडे स्वतंत्रपणे करावं लागतं. त्यासाठी मुलाच्या सहीची बँकेने केलेली खात्री लागते, म्हणून आधी बँक, मग फंड. सुकन्या खातं अठरानंतर मुलगी स्वतः चालवते.

मुलगा बावीसचा झाला, खात्याकडे कुणी पाहिलंच नाही.

पैसे कुठे जात नाहीत. दोन वर्षं खातेदाराकडून व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय ठरतं, दहा वर्षं झाली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग होते. तिथूनही बँकेमार्फत ती परत मिळते, बचत खात्याचं व्याज निष्क्रिय असतानाही जमा होतं. केवायसी देऊन एकाच भेटीत सज्ञान नोंद आणि खातं सुरू करणं दोन्ही करून घ्या. कोणत्या बँकेत होतं तेच आठवत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या UDGAM पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

आमचा मुलगा स्वमग्न आहे. अठरानंतरही सही तो करू शकणार नाही.

हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व इथेही संपतं, मुलाची अवस्था काहीही असो. बँकेने "तुम्हीच सही करत राहा" म्हटलं तरी तो तिचा दयाळूपणा आहे, अधिकार नाही, आणि शाखाधिकारी बदलले की तो संपतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात जिल्हाधिकारी असतात. तिच्याकडे अर्ज केला की आई-वडिलांना सज्ञान मुलाचे पालक म्हणून प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर बँक खातं चालवू देते. अर्जाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, बैठकीची वाट पाहावी लागते. म्हणून कागदांची जमवाजमव मुलगा सतरा वर्षांचा असतानाच सुरू करा आणि मधल्या काळातल्या औषधांचे, थेरपीचे पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात ठेवा.